हाक कोणत्या भावाला येते?

(बचत गटातल्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आज मी तुम्हाला शेअर बाजारातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. शेअर बाजाराचं नाव काढलं की आपल्यातल्या अर्ध्याजणी म्हणतात, "ते आपलं काम नाही." उरलेल्या अर्ध्याजणींच्या घरात मात्र कोणाच्या तरी फोनवर ते चालू असतं, आणि बरेचदा खातं बाईच्याच नावाचं असतं. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

या बाईला आपण शालू म्हणू. हे नाव मी ठेवलेलं आहे, आणि तिच्या शेअरचे आकडे तोंडी हिशेब करता यावा म्हणून गोल केले आहेत. ज्या दिवशी हे घडलं तो दिवस आणि त्या दिवशीचा बाजार मात्र खरा आहे.

शालू गडचिरोली जिल्ह्यातली. धानाच्या हंगामात शेतावर, एरवी शिलाई मशीनवर. शाळेचे गणवेश शिवून तिने पोस्टात दर महिन्याला १,४०० रुपये भरले, सलग पाच वर्षं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती रक्कम हाती आली, लाखाच्या थोडी वर. बहिणीचा मुलगा चंद्रपूरला राहतो. तो म्हणाला, "मावशी, पोस्टात पैसे झोपून राहतात जी. सरकारी कंपनीचा शेअर घेऊ, बुडायची भीती नाही."

एका दलाल कंपनीच्या ॲपवर खातं उघडलं. पॅन शालूचं, बँकेचं खातं शालूचं. फोन नंबर आणि ईमेल मात्र भाच्याने स्वतःचा टाकला, कारण तिच्या गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. आधारवरून सही करायची वेळ आली तेव्हा ओटीपी शालूच्या फोनवर आला. तो तिने मोठ्याने वाचून दाखवला आणि भाच्याने टाकला. तीच तिची सही होती. त्या सहीने तिने दोन गोष्टींना होकार दिला होता. एक, शेअर खरेदी-विक्रीचं खातं. दुसरी, मार्जिनवर म्हणजे दलालाच्या उधारीवर शेअर घेण्याची सोय. हिला एमटीएफ म्हणतात. ही सोय कायदेशीर आहे, सेबीच्या नियमांत बसते, आणि तिचा स्वतंत्र करार असतो.

१५ मे ला खरेदी झाली. शेअरचा भाव ५०० रुपये. शालूच्या एक लाखात २०० शेअर आले असते. ॲपवर खाली दुसरा पर्याय होता: फक्त चौथा हिस्सा भरा, बाकी आम्ही घालतो. भाच्याने ८०० शेअर घेतले. एकूण ४ लाखांचा माल. त्यात १ लाख शालूचे, ३ लाख दलालाचे, वर्षाला १५ टक्के व्याजाने. ते ८०० शेअर तिच्या नावावर जमा झाले खरे, पण त्याच दिवशी दलालाकडे गहाणही पडले.

इथपर्यंत काही गैर झालं असं वाटत नाही. आपण पोत गहाण ठेवून पैसे उचलतोच की. सोन्यात आणि या शेअरात फरक कुठे आहे, तेवढं पाहू.

पोत गहाण ठेवली की सोन्याचा भाव खाली आला तरी सावकार किंवा बँक त्याच दुपारी ती विकत नाही. नोटीस येते, मुदत मिळते, मग लिलाव होतो. तेवढ्या दिवसांत आपण कुठून तरी पैसे उभे करतो. शेअरवरच्या उधारीत करारामध्ये दोन रेघा आखलेल्या असतात, आणि भाव त्या रेघेला लागला की काय करायचं ते दलालाच्या यंत्रात आधीच ठरलेलं असतं.

पहिली रेघ हाकेची. शालूच्या करारात ती २० टक्के होती. म्हणजे त्या दिवशीच्या भावाने मालाची जी किंमत होते, तिच्या किमान २० टक्के शालूचा स्वतःचा हिस्सा उरलेला पाहिजे. तो कमी झाला की "पैसे भरा" अशी हाक येते. इंग्रजीत त्याला मार्जिन कॉल म्हणतात. दुसरी रेघ विक्रीची. तिच्या करारात ती १२ टक्के होती. हिस्सा त्याच्याही खाली गेला, तर दलाल पुन्हा न विचारता माल विकू शकतो. हे आकडे प्रत्येक दलालाचे आणि प्रत्येक शेअरचे वेगळे असतात. बाजार खवळला की ते मध्येच वाढवलेही जातात.

आता हिशेब बघा. भाव पडला म्हणून उधारी कमी होत नाही. ती ३ लाखच राहते. कमी होतो तो शालूचा हिस्सा. भाव किती झाल्यावर हाक येईल? ३ लाखांची उधारी मालाच्या ८० टक्के होईल तेव्हा. ३ लाखांना ८० ने भागून १०० ने गुणलं की ३ लाख ७५ हजार. त्याला ८०० शेअरनी भागलं की सुमारे ४६९ रुपये. ५०० चा शेअर ४६९ ला आला की हाक. म्हणजे शंभरात सव्वासहा रुपयांची घट. चांगल्या कंपनीचा शेअरही एवढा वर-खाली एका आठवड्यात सहज होतो. विक्रीची रेघ तशीच काढा: ३ लाखांना ८८ ने भागून १०० ने गुणलं, मग ८०० ने भागलं, की ४२६ रुपये.

हे दोन आकडे, ४६९ आणि ४२६, खरेदीच्या दिवशीच काढता येतात. त्याला भविष्य कळावं लागत नाही, भागाकार पुरतो. पण ॲपवर दिसत होता तो दुसराच आकडा, नफा किती झाला हा.

आणि नफा झालाही. १ जूनच्या संध्याकाळी लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल आले. ३ जूनला, सोमवारी, सेन्सेक्स २,५०० अंशांहून जास्त चढला. सरकारी कंपन्यांचे शेअर तर फारच वर गेले. शालूचा शेअर ५२० झाला. एक लाखावर सोळा हजार कागदी नफा, तोही वीस दिवसांच्या आत. स्वतःच्या पैशाने २०० शेअर घेतले असते तर तो चार हजार झाला असता. उधारीने नफा चौपट होतो, हे भाच्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तोट्याचंही तसंच होतं, एवढा अर्धा भाग राहून गेला होता.

४ जूनला, मंगळवारी, मतमोजणी. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर, दोन्ही मतदारसंघांत लोक सकाळपासून टीव्हीला चिकटले होते. एक्झिट पोलनी सांगितलं होतं तसं काही निकालात दिसेना, आणि बाजार कोसळला. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३९० अंशांनी खाली आला, शंभरात पावणेसहा. दुपारच्या सुमाराला तर घसरण त्याहून बरीच मोठी होती. आदल्या दिवशी सगळ्यात जास्त चढलेले सरकारी कंपन्यांचे शेअर सगळ्यात जास्त आपटले.

शालूच्या खात्यावर काय झालं ते नंतर आम्ही दोघींनी कागद पुढे ठेवून वाचलं. साडेदहाच्या सुमारास भाव ४५० झाला होता. माल ३ लाख ६० हजारांचा, त्यातला शालूचा हिस्सा ६० हजार. पाहिजे होता ७२ हजार. बारा हजारांची तूट. हाकेचा संदेश गेला, भाच्याच्या नंबरावर. भाचा मतमोजणीच्या गर्दीत होता. शालू घरात मशीनवर होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या क्षणी तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, बारा हजार रोख भरणं. दुसरी, थोडे शेअर स्वतः विकून उधारी हलकी करणं. पण बाराच हजारांची तूट आहे म्हणून बारा हजारांचे शेअर विकून भागत नाही. शेअर विकले की उधारीही घटते आणि मालही घटतो, म्हणून तूट भरायला तिच्या पाचपट माल विकावा लागतो. शालूला ६० हजारांचे, म्हणजे १३४ शेअर विकावे लागले असते. तरीही भाव आणखी पडला असता तर पुन्हा हाक आलीच असती. यातलं काहीच झालं नाही. सव्वाबाराला भाव ४२६ च्या खाली गेला, आणि ८०० च्या ८०० शेअर ४२५ ला विकले गेले.

४२५ गुणिले ८०० म्हणजे ३ लाख ४० हजार. त्यातले ३ लाख दलालाचे. वीस दिवसांचं व्याज २,४६६. दलाली, कर आणि जबरी विक्रीचा आकार मिळून १,५३४. शालूच्या हाती आले ३६ हजार. शेअर ५०० वरून ४२५ ला आला, म्हणजे शंभरात पंधरा रुपये पडला. शालूचे मात्र शंभरातले चौसष्ट गेले.

पुढचं ऐका. ५ जूनला सेन्सेक्स २,३०० अंशांनी वर आला. ७ जूनला, शुक्रवारी, तो ३ जूनच्याही वर बंद झाला. तीन दिवसांत बाजाराने सगळी घसरण भरून काढली. प्रत्येक शेअर तितक्या लवकर सावरला असं नाही, पण ज्यांनी स्वतःच्या पैशाने माल घेतला होता, त्यांना ४ जूनला काहीच करावं लागलं नाही. २०० शेअर घेतलेल्या बाईचे त्या दुपारी एक लाखाचे ८५ हजार दिसले असते, आणि तिने टीव्ही बंद करून मशीन चालवली असती. तिला कोणी विकायला लावू शकत नव्हतं. शालूकडे ७ जूनला शेअरच उरले नव्हते.

शालू पहिल्यांदा म्हणाली होती, "माझं नशीब फुटकं, नेमकी तीच दुपार आली." कागद वाचल्यावर तिनेच ते वाक्य बदललं. ती म्हणाली, "म्हणजे शेअर वाईट नव्हता. थांबायचा हक्क माझ्याकडे नव्हता." मला वाटतं, सगळं यात आलं. उधारीने आपण जास्त माल घेतो असं वाटतं. खरं तर आपण थांबण्याचा हक्क देऊन टाकतो. शेअर पुढे वाढेल हा आपला अंदाज बरोबर असूनही आपण बुडू शकतो, कारण मध्ये एक दुपार खाली येते आणि त्या दुपारी निर्णय दुसऱ्याचा असतो. आपल्या भागात तर फोनला रेंज नाही, वीज नाही, पावसाळ्यात वाट नाही, अशा दुपारी किती येतात ते तुम्ही जाणता. दलालाच्या यंत्राला त्याची खबर नसते.

दलाल बदमाश होता का, हेही तिने विचारलं. मी तिला म्हटलं, त्याच्या बाजूनेही बघ. भाव ३७५ च्या खाली गेला असता तर त्याचे स्वतःचे पैसे बुडायला लागले असते. म्हणून तो आधीच रेघ आखतो. ती रेघ त्याच्या रक्षणासाठी आहे, तुझ्या नव्हे. तक्रार कशाची करता येते? हाक पाठवलीच नसेल, करारावर आपला होकारच नसेल, कराराबाहेर जाऊन विक्री केली असेल, हिशेब किंवा व्याज चुकीचं लावलं असेल, तर करता येते. आधी दलालाकडे लेखी, मग सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावर. सेबीचा फुकट फोन नंबर १८०० २२ ७५७५. पण तक्रारीआधी तीन कागद हाती हवेत: उधारीचा करार, विक्रीच्या दिवसाची काँट्रॅक्ट नोट, आणि खात्याचा उतारा म्हणजे लेजर. शालूच्या कागदांत करार होता, हाक गेल्याची वेळ होती, विक्री कराराप्रमाणे होती. तिची तक्रार टिकली नसती, आणि ते तिला खोटी आशा न दाखवता सांगणं भाग होतं.

फोन नंबराची गोष्ट मात्र खटकण्यासारखी होती. नियमाप्रमाणे खात्यावर नंबर आणि ईमेल खातेदाराचाच पाहिजे. फार तर नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं किंवा आईवडील यांचा चालतो. बहिणीच्या मुलाचा चालत नाही. मैत्रिणींनो, नियम थोडा वेळ बाजूला ठेवा. ज्या नंबरावर हाक येते, खातं खऱ्या अर्थाने त्याचं असतं. पैसे शालूचे, सही शालूची, उद्या आयकर खात्याचं पत्र आलं तर तेही शालूलाच. आणि बारा हजार भरायचे की नाही हे विचारणारा संदेश तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. घरच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायला आपण इतकी वर्षं भांडतो. इथे नाव आपोआप लागलं, कारभार मात्र दुसऱ्याकडे गेला.

गोष्ट इथे संपली नाही. आठ दिवसांनी भाचा पुन्हा आला. त्यालाही वाईट वाटत होतं, तो काही लबाड मुलगा नव्हे. तो म्हणाला, "मावशी, उरलेल्या ३६ हजारांत ऑप्शन खेळू. पोत ठेवून थोडे आणखी घालू. महिन्यात भरून काढतो." फ्युचर आणि ऑप्शन या सौद्यांत उधारी डोळ्यांना दिसत नाही. व्याजाचा कागद नसतो, पण थोड्या पैशात मोठा सौदा हे तत्त्व तेच, आणि सौद्याला मुदतीची तारीखही असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये याचा तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला. असे सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला होता, खर्च धरून माणशी सरासरी सुमारे दोन लाख. भाचा आला तेव्हा हा हिशेब बाहेर यायचा होता. शालूला त्याची गरजही पडली नाही. तिने त्याच्यापुढे पाटी आणि खडू ठेवला आणि विचारलं, "या सौद्यात हाक कोणत्या भावाला येते, ते आधी मांडून दाखव." त्याला ते मांडता आलं नाही. पोत गळ्यातच राहिली.

तिने पुढे काय केलं तेही सांगते, कारण ते कोणालाही करता येतं. ३६ हजार ॲपवरून स्वतःच्या बँक खात्यात काढून घेतले. दलालाला लिहून उधारीची सोय बंद करून घेतली. खात्यावरचा नंबर बदलून स्वतःचा केला. शेअर खातं मात्र तिने बंद केलं नाही. ती म्हणते, घेईन तेव्हा माझ्या पैशात मावतील तेवढेच घेईन.

आता कोणी विचारेल, उधारी कधीच घेऊ नये का? बघा, तिच उदाहरण थोडं बदलून पाहू. १ लाखावर ३ लाखांऐवजी १ लाखच उधार घेतलं असतं, तर ४०० शेअर आले असते. हाकेचा भाव? १ लाखाला ८० ने भागून १०० ने गुणा, सव्वा लाख. भागिले ४००. साडेतीनशेच्याही खाली, ३१२ रुपये ५० पैसे. ४ जूनची दुपार तिच्यावरून निघून गेली असती, शेअर हातात राहिले असते. म्हणजे धोका उधारी या शब्दात नाही, प्रमाणात आहे. तरीही १५ टक्के व्याज रोज चढतच असतं, बाजार बंद असलेल्या शनिवारी-रविवारीसुद्धा. शेअर वर्षभर जागचा हलला नाही तरी तिच्या लाखातले पंधरा हजार गेले असते. घरखर्चाच्या, मुलांच्या फीच्या, दवाखान्याच्या पैशांवर हा भार घेऊ नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

तेव्हा तुमच्या घरात कोणी म्हणालं, "तुझ्या नावाने घेऊ," तर भांडू नका आणि घाबरूही नका. ओटीपी वाचून दाखवण्याआधी तीन आकडे वहीत लिहून मागा: यात उधारी किती, हाक कोणत्या भावाला, आणि विक्री कोणत्या भावाला. चौथा प्रश्न, संदेश कोणाच्या फोनवर येणार. चारही उत्तरं आली तर बसून विचार करा. एकही अडलं, तर ओटीपी आपल्याजवळच ठेवा.